पहिलं अक्षर कुणाच्या हातचं

सरस्वतीपूजेच्या दिवशी, म्हणजे वसंत पंचमीला, अभ्यास करायचा नाही, ही बंगाली मुलांची हक्काची सुट्टी. पुस्तकं, वह्या, दौत-लेखणी सगळं देवीच्या पायाशी ठेवलेलं असतं आणि पूजा पार पडेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. केरळात नवरात्राच्या शेवटी पुस्तकं पूजेला बसतात आणि विजयादशमीला उठतात. आपल्याकडेही दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे काढकाढून सरस्वती उभी केली, तिला हळदकुंकू आणि आपट्याचं पान वाहिलं, की त्या पाटीवर त्या दिवशी दुसरं काही लिहीत नसत. लिहिता येणाऱ्यांनी लेखणी खाली ठेवायची, असा हा दिवस. आणि नेमका तोच दिवस निवडून, ज्याला अजून काहीच लिहिता येत नाही त्याला मांडीवर घेऊन बसायचं, त्याच्या मुठीत पेन्सिल द्यायची आणि म्हणायचं, लिही.

बंगालात याला हातेखडी म्हणतात, ओडिशात खडी छुआँ, तेलुगू मुलखात अक्षराभ्यासम. आपण अक्षरारंभ किंवा विद्यारंभ म्हणतो, पण महाराष्ट्रात त्याचा खरा मान दसऱ्याला. वसंत पंचमी, म्हणजे माघ शुद्ध पंचमी, म्हटलं की मराठी माणसाला आधी पंढरपूर आठवतं, कारण त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. पाटी-पेन्सिल नाही आठवत. याला अपवाद आम्ही नांदेडकडचे लोक. आमच्या घरांत वसंत पंचमी म्हणजे बासर.

बासर तेलंगणात, निर्मल जिल्ह्यात. धर्माबाद सुटलं की पुढे थोड्याच वेळात ते स्टेशन येतं. गोदावरीचा पूल त्याच्याही पुढे, निजामाबादच्या वाटेवर, म्हणजे आम्ही नदीच्या आपल्याच काठाने जातो आणि राज्य तेवढं बदलतं. स्थळकथा अशी सांगतात की व्यासांनी इथे तप केलं, रोज नदीतून तीन मुठी वाळू आणली आणि त्या वाळूच्या तीन देवी घडवल्या: सरस्वती, लक्ष्मी, काली. ज्ञानसरस्वतीच्या मूर्तीला हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवायची. ती चव लहान मुलांना मुळीच आवडत नाही. देवळाच्या आवारात पोरं तोंड वाकडं करून पचापच थुंकताना दिसली की समजावं, दर्शन नीट झालं.

माझ्या धाकट्या भावाने त्याच्या लेकीला तिथेच न्यायचं ठरवलं तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती. मी बालवाडीत शिकवते. म्हणून माझ्यावर काम सोपवलं गेलं ते पाटी निवडायचं. आता बाजारात प्लास्टिकच्या पाट्या ढिगाने मिळतात, रंगीत मणी लावलेल्या, पण त्यांचा पृष्ठभाग इतका तुळतुळीत असतो की दगडी पेन्सिल नुसती घसरते आणि मूल आणखी जोर लावतं. मी लाकडी चौकटीची दगडी पाटी शोधली. ती पण नवी असल्यामुळे गुळगुळीतच होती. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसली, वाळवली, आणि तिच्यावर मी स्वतः चार-पाच वेळा उभ्या-आडव्या रेघा ओढून पुसल्या. असं केलं की पाटी पेन्सिल धरायला लागते. पेन्सिलही नवी, लांब, टोकदार द्यायची नाही. अर्धी मोडून द्यायची. लांब पेन्सिलीचं मागचं टोक लहान मुलाच्या गालाला किंवा बापाच्या चष्म्याला लागतं, शिवाय वजन मागे गेल्यामुळे ती मुठीतून निसटते. तुकडा मात्र बोटांतच राहतो. भावजयीला हे अशुभ वाटलं. पूजेला मोडकी वस्तू कशी न्यायची? मग तडजोड झाली: एक अख्खी पेन्सिल पूजेला, एक तुकडा लिहायला.

वसंत पंचमीला बासरला जी गर्दी असते तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पहाटे अंधार असतानाच रांगा लागलेल्या असतात आणि अक्षराभ्यासाच्या मंडपात शेकडो जोडपी एका वेळी बसवतात. माघातली थंडी, दवाने ओलसर फरशी, अर्धवट झोपेतली पोरं. पुजारी ध्वनिक्षेपकावरून सांगतात तसं सगळ्यांनी करायचं. बोलणं तेलुगूत, पण सीमेवरचं गाव असल्याने मधूनमधून मराठीतही. आधी हळदीचा गणपती, मग संकल्प, मग पाटीची पूजा: हळदकुंकू, अक्षता, फूल. विड्याची पानं, सुपारी, नारळ, खारीक असं सगळं समोर मांडलेलं. मग मुलाला मांडीवर घ्यायला सांगतात आणि त्याचा उजवा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढायला. तेलुगू घरांत ‘ॐ नमः शिवाय सिद्धं नमः’ ही ओळ चालते. ती सगळी पाटीवर मावत नाही. बहुतेक लोक ॐ काढतात आणि बाकीचं तोंडाने म्हणतात. आमच्यासारखे मराठी लोक ॐ काढतात, त्याखाली श्री काढतात, आणि कुणी हौशी असेल तर गणपतीचं नावही.

माझं लक्ष पूजेपेक्षा हातांवर होतं, तो माझा धंदाच. त्या मंडपात जे चाललं होतं त्यातली निम्मी झटापट एकाच गोष्टीतून येत होती. बापाने मुलाला आपल्याकडे तोंड करून बसवलेलं, किंवा आडवं. पाटी समोर फरशीवर. मग बापाच्या दृष्टीने सरळ असलेलं अक्षर मुलाच्या हाताला उलटं किंवा तिरकं पडतं, खांदा पिळवटतो, आणि मूल हात मागे ओढतं. बाप म्हणतो, रडू नको, देवीसमोर रडत नाहीत. मूल रडतं ते देवीमुळे नव्हे, खांद्यामुळे. मुलाची पाठ आपल्या छातीला टेकवून बसवलं, दोघांची तोंडं एकाच दिशेला असली, आणि पाटी फरशीवर न ठेवता मुलाच्या गुडघ्यांवर टेकवली, की हे सगळं आपोआप सुटतं. तेव्हा दोघांच्या खांद्यांची हालचाल एकाच बाजूने होते.

दुसरी गोष्ट पकडीची. माणसं मुलाची मूठ वरून गच्च आवळतात आणि हलवतात. आवळलेल्या मुठीतली बोटं आणखी घट्ट होतात, हा साधा प्रतिसाद आहे, हट्ट नाही. भाऊही तेच करत होता. शेजारी बसलेली आमची आई हळूच म्हणाली, “कशाला दाबायलास तिचा हात? खालून धर की.” आईने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही, पण तिने नेमकं सांगितलं. मुलाचं मनगट आपल्या तळव्यावर टेकू द्यायचं, आपला अंगठा आणि तर्जनी मुलाच्या बोटांच्या पुढे जाऊन पेन्सिल धरतील असं बघायचं, आणि वजन आपण घ्यायचं. मग मुलाचा हात पेन्सिलीवर नुसता स्वार होतो. तिचा हात असा सैल झाला आणि पाटीवर ॐ उमटला. जरा डावीकडे कललेला, वरची चंद्रकोर चौकटीवर चढलेली. तिने तो बघितला, भावाकडे बघितलं आणि पेन्सिल तोंडात घातली.

इथे मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचं होतं तिथे मी येते. ॐ हे लहान हाताला झेपण्यासारखं अक्षर नाही. बालवाडीत आम्ही मुलांचं लेखन अक्षरांपासून मोजत नाही, आकारांपासून मोजतो, आणि आकारांचा एक क्रम जवळजवळ सगळ्या मुलांत दिसतो. दोन वर्षांच्या आसपास मूल बघून उभी रेघ ओढतं, मग आडवी. तीनच्या सुमाराला गोल बंद करायला लागतं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, म्हणजे अधिकचं चिन्ह, चारच्या आसपास. चौकोन त्यानंतर, त्रिकोण पाचच्या सुमाराला. तिरकी रेघ सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत अवघड. आता ॐ बघा. आधी तीनाच्या आकड्यासारखी दोन पोटं, म्हणजे मध्येच दिशा उलटवायची. मग मधल्या टोकाकडून बाहेर निघून वर वळणारी शेपटी. मग हात उचलून वर चंद्रकोर, पुन्हा उचलून बिंदू. पावणेतीन वर्षांच्या मुलीकडून यातलं एक वळणसुद्धा स्वतःहून येणार नाही. श्री तर विचारूच नका.

आणि हाताची बाजूही तशीच. मनगटात आठ छोटी हाडं असतात, पण जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून हाड बनतात. तीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यांतली साधारणपणे निम्मीही दिसत नाहीत. शेवटचं हाड दिसायला शाळेची बरीच वर्षं उलटावी लागतात. म्हणून या वयाचं मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि सगळा हात खांद्यापासून हलवतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड चारच्या जवळपास दिसू लागते, आणि त्या पकडीत मनगट स्थिर ठेवून नुसती बोटं हलवणं पाच-सहाला जमतं. आपण ज्याला लिहिणं म्हणतो ते तिथून सुरू होतं.

मग त्या दिवशी पाटीवर ॐ कुणी काढला? भावाने. मुलीचा हात त्यात प्रवासी होता. हे विधीचं वैगुण्य आहे असं मला अजिबात वाटत नाही. उलट विधी याबाबत स्वच्छ आहे: तो मुलाला एकट्याने लिहायला सांगतच नाही. हात धरूनच लिहायचं, असाच तो आहे. पुजारी, आजोबा, बाप, मामा, कुणी तरी लिहिता येणाऱ्याने आपला हात उसना द्यायचा. त्यात परीक्षा नाही, बरोबर-चूक नाही. पाटी कुणी तपासत नाही. शेजारच्या जोडप्याच्या पाटीवर तर ॐची चंद्रकोर उलटी पडली होती आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

ओडिशातली पद्धत मात्र मला सगळ्यांत शहाणी वाटते. तिथे खडी छुआँच्या वेळी मुलाकडून जमिनीवर खडूने तीन गोल काढून घेतात. एक ब्रह्मा, एक विष्णू, एक महेश्वर. अक्षर नाहीच, तीन गोल. तीन वर्षांचं मूल जो एकच बंद आकार स्वतःच्या हाताने काढू शकतं, तोच. हे कुणी मुलांकडे बघून ठरवलं की आपोआप असं जुळलं, कोण जाणे, पण ज्याने कुणी पहिल्यांदा मुलाला गोल काढायला बसवलं त्याला मुलं ठाऊक होती. आपल्या दसऱ्याच्या सरस्वतीचंही थोडंसं असंच. एकाचा आकडा म्हणजे एक कडी आणि एक शेपूट, तोच पुन्हा पुन्हा. पहिलीतलं पोर सगळी सरस्वती काढू शकतं, त्याहून लहान पोर त्यातले चार एक काढून आपली भर घालतं.

जुन्या ग्रंथांत या वयाचं एकच उत्तर नाही. गृह्यसूत्रांत विद्यारंभ हा संस्कारच नाही. तिथे शिकणं म्हणजे कानाने शिकणं, आणि त्याची सुरुवात उपनयनाने. लेखन रुळल्यावर हा विधी नंतर आला. कौटिल्य म्हणतो, चौल झाल्यावर लिपी आणि संख्या शिकवावी. चौल म्हणजे जावळ, साधारण तिसरं वर्ष. कालिदासाचा छोटा रघूही असाच, जावळ झाल्यावर, काकपक्ष, म्हणजे कानांवरच्या बटा, उडवणाऱ्या आपल्या वयाच्या मंत्रिपुत्रांबरोबर लिपी शिकतो, आणि नदीच्या मुखातून समुद्रात शिरावं तसा तिच्यातून वाङ्मयात शिरतो. पण विद्यारंभाचा वेगळा विचार करणारे नंतरचे धर्मशास्त्राचे निबंधकार सरळ पाचवं वर्ष सांगतात. त्यांचा आणखी एक नियम आहे: विष्णू झोपलेला असताना, म्हणजे चातुर्मासात, हा विधी करू नये. या हिशेबाने आपला दसरा बसतच नाही, माघातली वसंत पंचमी मात्र बसते. अर्थात दसरा साडेतीन मुहूर्तांतला. त्याच्यापुढे पंचांगाला कोण विचारतो!

पाचवं वर्ष आणि तीन बोटांची पकड, यांचा मेळ बघून मला दर वेळी बरं वाटतं. पण मी भावाला त्याबद्दल अडवलं नाही. उसन्या हाताने लिहायचं असेल तर पावणेतीन काय नि पाच काय. अडचण विधीच्या वयाची नाहीच, ती दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

त्याआधी घरी झालेल्या दुसऱ्या अक्षरारंभाबद्दल सांगते, कारण तो मला मंडपातल्यापेक्षा जास्त आवडला. बासरहून दुपारी परतलो. आईचं म्हणणं होतं की पाटीवर झालं ते झालं, पण तांदळात झालं पाहिजे. तिच्या माहेरी तसं करत. तिने बासरला निघण्याआधीच तांदळाला हळद लावून ते ताटात पसरून ठेवले होते. हळद लावताना पाणी जास्त झालं तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि बोट फिरवलं की रेघेऐवजी ढेकळं सरकतात. म्हणून चार थेंबच पाणी आणि निदान तासभर वाळवणं. तांदळाचा थरही बेताचा हवा. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणखी दोन ओंजळी ओतल्या, आणि मग काढलेली रेघ दोन्ही बाजूंनी ढासळून बुजायला लागली. आईने त्या परत काढून घेतल्या. अर्ध्या बोटाहून कमी थर ठेवला, की बोट ताटाच्या तळाला टेकतं आणि पिवळ्या तांदळात स्टीलची चकाकती रेघ उघडी पडते. मुलाला आपण काय केलं ते लगेच दिसतं.

इथे पेन्सिल नाही, नुसती तर्जनी. मुठीचा प्रश्नच उरत नाही. आईने तिचं बोट धरून एकदा श्री काढला, दाणे सारखे केले, पुन्हा काढला, पुन्हा सारखे केले. तिसऱ्यांदा झाल्यावर हात सोडून दिला. पोरीने ताटात बोट खुपसलं, ओढलं, एक वाकडी उभी रेघ झाली. मग तिने सबंध तळवा फिरवून सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा रेघ ओढली. ओढायची, पुसायची, ओढायची. बराच वेळ तेच चाललं आणि तांदूळ ताटाबाहेर अंगणभर झाले. “बघ, लिहायलीय,” आई म्हणाली. खरंच लिहीत होती, कारण ती उभी रेघ तिच्या वयाची होती आणि सबंध तिच्या एकटीची. धूळपाटीवर बोटाने गिरवणारी जुन्या शाळेतली मुलं याच कारणाने तरली असणार: धुळीला जोर लावावा लागत नाही आणि चूक टिकत नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं. आमच्या बालवाडीत वसंत पंचमी किंवा दसरा झाला की आठवडाभरात दोन-तीन पालक हमखास येतात. अक्षरारंभ झालाय, आता अ आ इ ई वहीत गिरवायला द्या. काही जण चार रेघी वही घेऊनच येतात. मूल तीन वर्षांचं. त्याला ठिपक्यांवरून अ गिरवायला बसवलं तर काय होतं हे ओळखायला सोपं आहे. पेन्सिलीचं टोक मोडतं, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षराचा उंचवटा हाताला लागतो, अंगठा इतर बोटांवरून पलीकडे गुंडाळला जातो, आणि मूल जीभ बाहेर काढून सबंध खांदा उचलतं. दहा मिनिटांत हात दुखतो. त्याहून वाईट म्हणजे अक्षर चुकीच्या क्रमाने बसतं: ठिपके जोडले की झालं, म्हणून मूल अ ची काठी खालून वर ओढतं, आडवी रेघ उजवीकडून डावीकडे. पुढे पहिलीत वेग वाढवायची वेळ आली की हीच सवय आडवी येते, आणि मोडायला वर्षभर जातं.

मी त्या पालकांना वही परत देते आणि घरी तांदळाचं ताट आहे का विचारते. रवा चालतो, कोरडी माती चालते. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, एवढंच. कणीक मळायला द्या, कपडे वाळत घालताना चिमटे लावायला द्या, शेंगा सोलायला द्या. बोटांचं बळ तिथून येतं. वयाची सहा वर्षं झाल्यावर पहिली, असं राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२० पासून लिहिलेलं आहेच. तोवर घाई कुणाला आहे? काही पालकांना हे पटतं. काही दुसऱ्या बालवाडीत नाव घालतात, जिथे वही मिळते.

भाऊ पहिल्या गटातला निघाला, पण त्याचीही एक शंका होती. पोरगी तांदळात डावं बोट घालते, पेन्सिलही डाव्या हातात घेते, आणि बासरला आपण उजवा हात धरून लिहवलं. मग आता पुढच्या वसंत पंचमीला डाव्या हाताने परत करायचं का? मी म्हटलं, तीनच्या आत हात पक्का ठरलेला नसतो, पुष्कळ मुलं दोन्ही वापरतात, वाट बघ. ती पाच वर्षांची झाली तेव्हा डावखुरीच ठरली. तोवर भावाने घरी ओळखीच्या गुरुजींना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, पूजेच्या वेळी फूल उजव्या हाताने वाहा म्हणावं, लिहायचं तिला हवं त्या हाताने. मग भावाने पाटी तिच्या डाव्या बाजूला जरा तिरकी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे लिहिलेलं तिच्याच हाताखाली पुसलं जाऊ नये. एवढा एक फरक केला, तर तिची ओळ आता पाटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न पुसता पोचते.